‘मेहनती’ म्हणजे किती ताटं?



एप्रिल महिना आपल्याला कसा जातो हे मी वेगळं सांगायला नको. पेपर तपासायचे, श्रेण्या भरायच्या आणि मग त्या वर्णनात्मक नोंदी. एप्रिल २०२५ मधल्या एका दुपारी मी अशीच वह्या पसरून बसले होते. शाळा सुटली होती. तेवढ्यात आमच्या पोषण आहाराच्या ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला एक कागद. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, तिसरीत. मला वाटलं, तिच्याबद्दल काही असेल. पण त्या म्हणाल्या, “मॅडम, एवढा बायोडाटा बघता का? इंग्लिश पण आहे त्यात, मला वाचता येईना.”

तालुक्याच्या गावी मुलींच्या एका खासगी वसतिगृहाला मुख्य स्वयंपाकीण हवी होती. मुली १२०, हाताखाली दोन बायका आणि पगार दर महिन्याला हातात. आपल्याकडच्या ताईंचं मानधन किती असतं आणि ते कधी येतं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा त्यांनी तिकडे जावं की नाही हा प्रश्नच नव्हता.

कागद टायपिंगच्या दुकानातून पन्नास रुपयांत करून आणलेला. नाव, जन्मतारीख, शिक्षण नववी आणि खाली एक परिच्छेद: ‘मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून मला संघभावनेने काम करण्याची आवड आहे. दिलेली जबाबदारी मी वेळेत व चोखपणे पार पाडते. अनुभव ७ वर्षे.’ त्याखाली ठळक अक्षरांत ‘हार्डवर्किंग, टीम प्लेअर’.

यातलं खोटं काहीच नव्हतं. मी रोज बघते, ताई खरंच मेहनती आहेत. पण हाच परिच्छेद मी आधी वाचला होता. आमच्या गावातल्या एका मुलाने ड्रायव्हरच्या नोकरीसाठी अर्ज केला होता, त्यातही अगदी हाच मजकूर होता. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये तो कायमचा असणार. नाव तेवढं बदलायचं. आता वसतिगृहाच्या मॅडमपुढे असे पंधरा कागद आले, तर पंधराही बायका मेहनती, प्रामाणिक आणि होतकरू. मग त्या निवड कशावर करणार? कागदाच्या रंगावर?

मी म्हटलं, “ताई, बसा. हे सगळं नव्याने लिहू.”

पहिला शब्द घेतला ‘मेहनती’. मी विचारलं, “तुम्ही मेहनती आहात हे मला कशावरून कळेल?” त्या हसल्या. “तुम्हीच बघता की रोज.” मी म्हटलं, “मी बघते. वसतिगृहाच्या मॅडमनी कुठे बघितलंय?” त्यावर त्या गप्प झाल्या. ‘तुम्ही कशा आहात’ असं विचारलं की माणूस गप्पच होतो, हे मला तेव्हा कळलं. मग मी प्रश्न बदलला. “काल शाळेत आल्यापासून काय काय केलंत, ते सांगा.” आणि ताई जे बोलायला लागल्या ते थांबेनात.

साडेदहाला परिपाठ झाला की त्या पाचही वर्गांत जाऊन हजर मुलं मोजतात. मग दर मुलामागे शंभर ग्रॅम या हिशेबाने तांदूळ काढतात. पटावर ८४ मुलं आहेत, पण त्या कधीच पटावरून तांदूळ टाकत नाहीत. मटकी असेल तर आदल्या दिवशी भिजवून, फडक्यात बांधून ठेवलेली असते. मधल्या सुट्टीची घंटा होण्याआधी दहा मिनिटं अन्न तयार असतं, कारण शिक्षकांनी चव घेऊन वहीत नोंद केल्याशिवाय वाढता येत नाही. हे सगळं त्या अगदी सहज सांगत होत्या. मी मात्र भराभर लिहून घेत होते. बायोडाटा यात होता, त्या पन्नास रुपयांच्या परिच्छेदात नव्हता.

आता आकडे. इथे पहिली चूक माझीच झाली. उत्साहाच्या भरात मी मोबाईलवर गुणाकार केला. रोज सत्तर-एक मुलं, वर्षाचे २२० दिवस, सात वर्षं. एक लाखाच्या वर ताटं! मी म्हटलं, “ताई, लिहा, एक लाख ताटं वाढली.” ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. “मॅडम, कोरोनात कुठं चूल पेटली शाळेत? तांदूळ तर मोजून घरी दिला आपण.”

बरोबर होतं. त्या जून २०१८ मध्ये लागल्या. मार्च २०२० पासून जवळपास दोन वर्षं शाळेत अन्न शिजलंच नाही, पालकांना कोरडा शिधा वाटला. म्हणजे स्वयंपाकाचा अनुभव सात वर्षांचा नाही, पाच वर्षांचा. शिवाय आमच्याकडे स्वयंपाकाला दोघी आहेत. मग ती सगळी ताटं एकट्या ताईंच्या नावावर कशी टाकायची? आणि खरं सांगायचं तर लाख ताटं हा आकडा भाषणात शोभतो, कामाला येत नाही. वसतिगृहाला पाच वर्षांचा ढीग नको आहे. एका वेळी किती जणांचं जेवण ही बाई निभावते, एवढंच त्यांना कळायला हवं.

म्हणून आम्ही पोषण आहाराची नोंदवही काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ दिवस अन्न शिजलं होतं आणि लाभार्थ्यांची महिन्याची बेरीज होती १,५६२. भागिले २२, म्हणजे रोजची ७१ मुलं. पण एका महिन्यावर भरवसा कसा ठेवायचा? जुलैत पेरणीमुळे हजेरी पडते. म्हणून जुलै आणि डिसेंबरही काढले. ६८ आणि ७३ आले. मग ‘रोज सुमारे ७० मुले’ असं लिहायचं ठरवलं. सरासरी काढली तर ७०.६७ येते, पण बायोडाट्यात दशांश चिन्ह टाकलं की मोजलेलं खरं वाटण्याऐवजी दिखाऊ वाटतं.

पण वसतिगृहात मुली १२०. सत्तरचा आकडा वाचून त्यांना शंका येणारच. “एका वेळी जास्तीत जास्त किती जणांचं केलंय?” असं विचारल्यावर ताईंना डिसेंबरचं स्नेहसंमेलन आठवलं. मसालेभात, दोनशे माणसं. मी म्हटलं, “त्या दिवशी तर चार बायका होत्या.” “हो, पण तांदूळ-मसाल्याचा हिशेब माझा होता. २२ किलो तांदूळ मीच सांगितला होता. शेवटची पंगत उठली तेव्हा एक छोटं पातेलं उरलं.” किराणा दुकानाची पावती शाळेच्या फाईलमध्ये निघाली, २२ किलो बरोबर. तेव्हा ‘दोनशे जणांचा स्वयंपाक केला’ असं न लिहिता ‘चार जणींच्या गटात दोनशे जणांच्या स्वयंपाकाचे साहित्य व प्रमाण ठरवले’ असं लिहिलं. वाक्य थोडं लहान झालं असेल, पण मुख्य स्वयंपाकिणीचं खरं काम नेमकं हेच तर असतं.

मग आला तो ‘टीम प्लेअर’. मी त्याचा अर्थ सांगितला, तशा ताई लगेच म्हणाल्या, “मागच्या वर्षी दुसऱ्या ताईंचं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर मी एकटीनंच केलं की. एक दिवस सुट्टी उशिरा झाली नाही.” मला वाटलं, मिळालं! पण मघाच्या लाख ताटांनी मी शहाणी झाले होते. हजेरीपत्रक बघितलं. दुसऱ्या ताई १९ शालेय दिवस गैरहजर होत्या. त्यातही बाराव्या दिवसापासून बदली म्हणून गावातली एक बाई आली होती. म्हणजे ताई एकट्या होत्या ते ११ दिवस. आणि सुट्टीचं म्हणाल, तर माझ्याच दैनिक टाचणात दोन ठिकाणी ‘मधली सुट्टी २० मिनिटे उशिरा’ असं लिहिलेलं. एकदा सिलिंडर मध्येच संपला होता आणि एकदा पाणी आलं नव्हतं.

ताईंचा चेहरा पडला. “मॅडम, महिनाभरच वाटत होतं हो मला.” मला ते पटलं. एकटीने सत्तर मुलांचा भात उतरवणाऱ्या बाईला अकरा दिवस महिन्यासारखेच वाटणार. यात खोटं बोलणं नसतं. राबणारा माणूस दिवस मोजत नाही, थकवा मोजतो. पण समोरच्याने शाळेत फोन करून विचारलं आणि मुख्याध्यापकांनी हजेरीपत्रक बघून उत्तर दिलं, तर खऱ्या अकरा दिवसांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

मात्र हजेरीपत्रकाने आमचं काही काढून घेतलं तसं काही दिलंही. मी विचारलं, “बाराव्या दिवशी ती बाई आली, तिला हे काम येत होतं?” “कुठलं! घरी पाच माणसांचं करणारी ती. तांदूळ किती, पाणी किती, काहीच माहीत नव्हतं. मी वाटीचं माप करून दिलं तिला. आठ दिवसांत हाताला लागली. पुढं माझ्या भावाचं लग्न होतं, तेव्हा दोन दिवस तिनंच दुसऱ्या ताईंबरोबर सांभाळलं.” बघा, ‘टीम प्लेअर’ इथे लपला होता! ‘एकटीने केलं’ यात कसला संघ? नवख्या बाईला आठ दिवसांत तयार केलं आणि ताई रजेवर असताना काम अडलं नाही, हा संघ. हाताखाली दोन बायका येणार असतील तर वसतिगृहाला हेच हवं आहे.

उशिराच्या दोन दिवसांवरून मात्र आमचं थोडं वाजलं. ताई म्हणाल्या, “ते कशाला लिहायचं? ‘११ दिवस एकटीने सांभाळले’ एवढं बास.” मी म्हणत होते, ‘११ पैकी ९ दिवस वेळेवर’ लिहू. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. बायोडाटा म्हणजे कबुलीजबाब नव्हे, सगळे दोष त्यात लिहायची गरज नसते. पण ‘वेळेवर’ हा शब्द वापरायचा असेल तर तो पूर्ण खरा हवा. एक तर तो शब्द काढा, नाही तर आकडा लिहा. बराच वेळ घोळ घालून ताईंनीच आकडा ठेवला. कारण विचारलं तर म्हणाल्या, “सगळंच्या सगळं बरोबर झालं म्हटलं तर कोण खरं मानतंय?”

‘प्रामाणिक’ या शब्दाने फार दमवलं. प्रामाणिकपणा किलोत कसा मोजायचा? शेवटी कोठीच्या किल्लीचा विषय निघाला. किल्ली त्यांच्याकडे असते. एकदा माल उतरवताना त्यांना एक पोतं हलकं वाटलं. त्यांनी हट्टाने वजन करायला लावलं, ते ५० किलोऐवजी ४८ भरलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पोतं काट्यावर ठेवूनच उतरतं. हे आम्ही जसंच्या तसं लिहिलं आणि ‘प्रामाणिक’ हा शब्द काढून टाकला. ‘होतकरू’साठी मात्र काही केल्या प्रसंग सापडेना. मग तो शब्द सरळ खोडला. ज्या शब्दाला एकही प्रसंग जोडता येत नाही तो गेला, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

एक आकडा शेवटपर्यंत मिळाला नाही. मटकी भिजवून मोड आणायला लागल्यापासून आणि तिखट कमी केल्यापासून मुलं उसळ टाकत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पण उरलेलं अन्न आम्ही कधी वजन केलंच नव्हतं. ताई म्हणाल्या, “पूर्वी बादली अर्धी भरायची, आता तळाला असतं.” मला क्षणभर ‘वाया जाणारे अन्न ८० टक्क्यांनी कमी केले’ असं लिहायचा मोह झाला. छान दिसलं असतं! पण ८० टक्के कशाचे? न मोजलेल्या गोष्टीची टक्केवारी काढणं म्हणजे त्या दुकानदारासारखंच झालं, फक्त आकड्यांत. म्हणून ताईंची बादलीच लिहिली.

शेवटी कागद असा झाला:

‘जून २०१८ पासून जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत पोषण आहाराचे काम. प्रत्यक्ष स्वयंपाकाची ५ वर्षे (कोरोना काळ वगळून). दोघींच्या गटात रोज सुमारे ७० मुलांचे जेवण. रोज हजर मुले मोजून त्याप्रमाणे तांदूळ काढते. डिसेंबर २०२४ मध्ये चार जणींच्या गटात २०० जणांच्या जेवणाचे साहित्य व प्रमाण ठरवले, २२ किलो तांदूळ, एक लहान पातेले उरले. सहकारी आजारी असताना ११ दिवस एकटीने स्वयंपाक, त्यांपैकी ९ दिवस जेवण वेळेवर. नवीन मदतनिसाला ८ दिवसांत काम शिकवले; पुढे माझ्या रजेत तिने २ दिवस काम सांभाळले. कोठीची किल्ली माझ्याकडे. एक पोते २ किलो कमी भरल्याचे लक्षात आणून दिले, तेव्हापासून शाळेत सर्व पोती वजन करून घेतली जातात. मटकीला मोड आणून व तिखट कमी करून मुलांनी टाकलेली उसळ अर्ध्या बादलीवरून बादलीच्या तळापर्यंत आली (अंदाजे).’

खाली मुख्याध्यापकांचं अनुभव प्रमाणपत्र. सरांनी आधी नोंदवही मागवली, आकडे ताडून बघितले आणि मगच सही केली. उसळीचं वाक्य त्यांनी प्रमाणपत्रात घेतलं नाही. म्हणाले, “याची नोंद माझ्याकडे नाही.” मला तेव्हा थोडा राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं.

हे सगळं करून ताई उठल्या. माझ्या टेबलावर वह्या उघड्याच होत्या आणि वरच त्यांच्या मुलीचं पान होतं. तेवढं मराठी त्यांना छान वाचता येतं. त्यांनी मोठ्याने वाचलं, “‘सहकार्याची भावना आहे. उपक्रमात उत्साहाने भाग घेते. मेहनती आहे.’” आणि मग अगदी साधेपणाने म्हणाल्या, “मॅडम, हे पण त्या दुकानातलंच आहे का?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटलं असेल की नोंदीही छापील मिळतात. आणि मिळतातच की! आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ‘वर्णनात्मक नोंदी’ची ती पीडीएफ आहे. माझ्याही आहे. त्या पानाआधीच्या सहा मुलांनाही मी ‘सहकार्याची भावना आहे’ हेच दिलं होतं.

ताई गेल्यावर मी त्या मुलीला तेच प्रश्न लावून बघितले. सहकार्य म्हणजे कधी? कुणाला? त्यातून काय झालं? वर्षभर माझ्यासमोर बसलेली मुलगी, आणि मला तारखेनिशी दोनच प्रसंग सापडले, तेही टाचणाच्या समासात लिहिले होते म्हणून. बाकी सगळं ‘चांगली आहे हो’ एवढंच. ताईंच्या पाच वर्षांची साक्ष द्यायला नोंदवही, हजेरीपत्रक, पावती एवढं सगळं होतं. त्यांच्या मुलीच्या वर्षाची साक्ष द्यायला माझ्याकडे दोन ओळी! एप्रिलमध्ये बसून नेमकं लिहिता येत नाही, कारण नेमकं ते त्या त्या दिवशीच टिपलेलं असावं लागतं. यंदा मी टाचणाच्या वहीला मागच्या बाजूने एकेका मुलाचं पान केलं आहे. आठवड्याला चार-पाच मुलांचा एकेक प्रसंग, तारीख घालून, एका ओळीत. सगळ्या आठवड्यांत जमत नाही. परीक्षा आणि प्रशिक्षणं आली की आठवडेच्या आठवडे कोरे जातात. पण दिवाळीपर्यंत प्रत्येक मुलाच्या पानावर निदान तीन ओळी झाल्या.

वसतिगृहाचं सांगायचं राहिलं. मुलाखतीत त्या मॅडमनी कागद वाचून एकच प्रश्न खोदून विचारला: “अकरापैकी नऊ दिवस वेळेवर, मग उरलेले दोन दिवस काय झालं?” ताईंनी सिलिंडरचं आणि पाण्याचं सांगितलं. सिलिंडर लावल्याची तारीख तेव्हापासून भिंतीवर खडूने लिहितात आणि पाण्याची एक टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवतात, हेही सांगितलं. त्यांना आठ दिवस काम करून दाखवायला बोलावलं. जूनपासून त्या तिकडेच आहेत. आमच्याकडे आता ती आठ दिवसांत तयार झालेली बाई स्वयंपाक करते, वाटीच्या त्याच मापाने.

आणि मुलीची नोंद मी निकालाच्या आधी बदलली. दोनच प्रसंग होते, तेवढेच लिहिले: ‘ऑगस्टमध्ये वर्गात नवीन आलेल्या मुलीला शेजारी बसवून घेतले व आठवडाभर दोघींत एकच पुस्तक वापरले. जानेवारीत गटकार्यात हातच्याची वजाबाकी तीन मुलांना काड्यांचे गठ्ठे सोडून समजावली. त्यांपैकी दोघांनी त्याच दिवशी फळ्यावर बरोबर उदाहरण सोडवले.’ निकालाच्या दिवशी ताईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “अन् तिसरा?”

तिसऱ्याला अजून हातचा जड जातो, म्हणून सांगितलं.